प्रमाणपत्र भावाने बनवलं नाही, फक्त कंपनीत दिलं. मग बनावटीकरणाची कलमं कशी लागली?

प्रश्न: माझा धाकटा भाऊ ऑगस्ट 2023 मध्ये एका खासगी कंपनीत लागला. तेव्हा त्याने डिप्लोमाचं प्रमाणपत्र दिलं होतं, ते आता पडताळणीत बनावट निघालं. ते त्याला एका एजंटने आणून दिलं होतं, त्याने स्वतः काहीच बनवलेलं नाही. तरी पोलिसांनी भादंवि 420, 465, 467, 468, 471 आणि 34 लावलंय. जे त्याने केलंच नाही त्याची कलमं कशी? आणि ‘मी बनवलं नाही’ एवढं सांगून तो सुटेल का?

उत्तर:

अर्धा सुटेल. उरलेल्या अर्ध्यात हेच वाक्य चुकीच्या पद्धतीने सांगितलं तर तो अडकेल. फौजदारी वकिलीत बावीस वर्षं गेली, पण प्रमाणपत्रांच्या खटल्यांत आरोपींचं सगळ्यात जास्त नुकसान याच एका वाक्याने झालेलं मी पाहिलंय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कलमांच्या आकड्यांचा घोळ मिटवू. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली. तुमच्या भावाने प्रमाणपत्र दिलं 2023 मध्ये, म्हणून गुन्हा आज नोंदला तरी जुनी भारतीय दंड संहिताच लागते, आणि पोलिसांनी ते बरोबर केलंय. हेच जुलै 2024 नंतर घडलं असतं तर 464 च्या जागी 335, 465 आणि 468 च्या जागी 336 ची पोटकलमं, 467 च्या जागी 338 आणि 471 च्या जागी 340 चं दुसरं पोटकलम आलं असतं. आकडे बदलले, गाभा तोच राहिला. खाली मी जुनेच आकडे वापरतो.

आता तुमच्या मूळ शंकेकडे. कायद्यात इथे दोन स्वतंत्र कृत्यं आहेत. 464 सांगतं की खोटा दस्तऐवज ‘बनवणं’ म्हणजे काय, आणि 463 ते 468 ही बनावटीकरणाची सगळी कलमं त्याच पायावर उभी आहेत: 465 साध्या बनावटीकरणाचं, 468 फसवणुकीसाठी केलेल्या बनावटीकरणाचं. 471 मात्र बनवण्याबद्दल अवाक्षर काढत नाही. बनावट असल्याचं माहीत असताना, किंवा तसं मानायला पुरेसं कारण असताना, दस्तऐवज खरा म्हणून अप्रामाणिकपणे किंवा कपटाने वापरला, की 471 लागलं. तो कोणी बनवला, कुठे बनवला, हे सापडलं नाही तरी चालतं. शिक्षा मात्र ‘जणू त्यानेच बनवला’ अशीच होते. त्यामुळे वापरणाऱ्याला आपोआप काही सूट मिळते हा समज आधी मनातून काढा. फरक शिक्षेत नाही. सरकार पक्षाला काय सिद्ध करावं लागतं, त्यात आहे.

बनवणारा कोण?

464 मध्ये खोटा दस्तऐवज बनवण्याचे तीन प्रकार आहेत. पहिला, दुसऱ्या कोणीतरी केला किंवा त्याच्या अधिकाराने झाला असं भासवण्यासाठी दस्तऐवज तयार करणं, त्यावर सही करणं किंवा शिक्का मारणं. दुसरा, खऱ्या दस्तऐवजात नंतर अधिकार नसताना महत्त्वाचा फेरफार करणं. तिसरा, वेडसरपणामुळे, नशेमुळे किंवा फसवणूक झाल्यामुळे मजकूर न कळणाऱ्या माणसाकडून सही घेणं.

प्रमाणपत्रांच्या खटल्यांत बहुधा पहिला प्रकार असतो, आणि तिथे सरकार पक्षाला दाखवावं लागतं की कुलसचिवाची सही किंवा संस्थेचा शिक्का याच आरोपीच्या हातून उमटला. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये शीला सेबास्टियन खटल्यात हे स्पष्ट केलं. तिथे एका बाईच्या नावाने तोतया उभी करून कुलमुखत्यारपत्र केलं गेलं होतं आणि त्याच्या जोरावर पुढे गहाणखत झालं होतं. फायदा कोणाचा झाला हे दिसत होतं, पण ती तोतया शेवटपर्यंत सापडली नाही. न्यायालयाने म्हटलं की दस्तऐवज बनवणं आणि तो बनवला जाण्यास कारण होणं या वेगळ्या गोष्टी आहेत. जो बनवणारा नाही त्याला बनावटीकरणासाठी शिक्षा देता येणार नाही. आरोपीची निर्दोष मुक्तता कायम राहिली.

तुमच्या भावाचा वकील हा निवाडा काढेलच, आणि 465 व 468 पुरता तो उपयोगी आहे. पण दोन ठिकाणी तो अपुरा पडतो.

एक म्हणजे कट. आत्ता फक्त 34, म्हणजे समान इराद्याचं कलम लावलंय. एजंटला भावाने स्वतःचं नाव, जन्मतारीख आणि फोटो पाठवला असेल, ‘मेकॅनिकल टाका, साल 2019 टाका’ असं सांगितलं असेल, आणि ते चॅट फोनमध्ये असेल, तर दोषारोपपत्र येईपर्यंत 120-ब किंवा 109 जोडलं जाऊ शकतं. मग तो बनवणारा ठरत नाही, पण बनवण्याच्या कटातला भागीदार किंवा चिथावणी देणारा ठरतो. फोन तपासात जप्त होतोच. तो आधीच पुसून ठेवण्याचा सल्ला नातेवाईक हमखास देतात. ते अजिबात करू नका, पुरावा नष्ट केल्याचं आणखी एक कलम वाढेल.

दुसरं म्हणजे फेरफार. लोक म्हणतात, ‘बनवलं नाही, नुसते टक्के वाढवले.’ खऱ्या गुणपत्रिकेच्या पीडीएफमध्ये 48 चे 68 स्वतः केले, तर तो माणूस 464 च्या दुसऱ्या प्रकाराने पुरता बनवणारा ठरतो. इलेक्ट्रॉनिक अभिलेखही त्यात येतो. प्रिंट काढली नाही, नुसती फाइल अपलोड केली, याने काही बदलत नाही. तुमच्या भावाचं तसं नाही असं धरून पुढे जातो.

पोलीस मग 468 का लावतात? माझा अनुभव सांगतो. 471 दखलपात्र असलं तरी जामीनपात्र आहे. 468 आणि 420 अजामीनपात्र आहेत. सुरुवातीच्या एफआयआरमध्ये ही सगळी माळ एकदमच घातली जाते, बनवणाऱ्याचा पत्ता असो वा नसो. 468 आणि 420 या दोन्हींची कमाल शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे, त्यामुळे पोलिसांनी आधी हजर राहण्याची नोटीस देणं अपेक्षित असतं, थेट अटक नव्हे. पण तुमच्या यादीत 467 आहे, आणि त्याची शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते. म्हणून अटकपूर्व जामिनाच्या अर्जात पहिला मारा 467 वर हवा.

467 लागायला दस्तऐवज ‘मौल्यवान रोखा’, मृत्युपत्र किंवा तसाच काही असावा लागतो. मौल्यवान रोखा म्हणजे ज्याने कायदेशीर हक्क निर्माण होतो, हस्तांतरित होतो किंवा संपतो, जसं खरेदीखत, वचनचिठ्ठी किंवा ठेवीची पावती. डिप्लोमाचा कागद नोकरीचा हक्क देत नाही, फक्त पात्रता दाखवतो. 1980 मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या श्रीनिवास पंडित धर्माधिकारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने महाविद्यालयातल्या प्रवेशासाठी वापरलेली बनावट प्रमाणपत्रं मौल्यवान रोखा मानली नाहीत आणि शिक्षा 467 वरून 465 वर आणली. सरकारी संस्थेचं, लोकसेवकाच्या सहीचं भासणारं प्रमाणपत्र असेल तर सरकारी वकील 466 कडे वळू शकतो, तिथे सात वर्षं आहेत. पण जन्मठेपेची भीती जाते.

आता खरी लढाई: 471

इथे सरकार पक्षाला तीन गोष्टी दाखवायच्या असतात. कागद बनावट आहे, आरोपीने तो खरा म्हणून वापरला, आणि वापरताना त्याला ते माहीत होतं किंवा माहीत असायला पुरेसं कारण होतं.

पहिलीला लोक फार हलक्यात घेतात. पडताळणी संस्थेचा ‘नोंद आढळली नाही’ हा ईमेल म्हणजे पुरावा नव्हे. ज्या मंडळाच्या नावाने प्रमाणपत्र आहे, तिथल्या माणसाने मूळ नोंदवही घेऊन साक्षीला यावं लागतं: हा आसन क्रमांक त्या सत्रात अमुक विद्यार्थ्याचा होता, किंवा त्या मालिकेत इतके क्रमांक दिलेच नव्हते. उलटतपासात मी नेहमी विचारतो, नोंद सापडली नाही की नोंद तपासून ती नाही असं ठरलं? पुष्कळदा जुनी नोंदवही दुसऱ्या इमारतीत गेलेली असते आणि साक्षीदाराने फक्त संगणक पाहिलेला असतो.

त्याच्याच पोटात आणखी एक प्रश्न आहे. कधीकधी एजंटचा माणूस संस्थेच्या आतलाच असतो. कोरा कागद खरा, शिक्का खरा, सही ज्याचा अधिकार त्याचीच, पण पैसे घेऊन न शिकलेल्याला दिलेली. असा कागद मजकुराने खोटा आहे, पण 464 च्या अर्थाने बनावट नाही, कारण ज्याचा म्हणून दिसतो त्यानेच तो केलाय. मोहम्मद इब्राहिम खटल्यात (2009) सर्वोच्च न्यायालयाने जमिनीच्या संदर्भात हेच सांगितलं: दुसऱ्याची जमीन स्वतःची म्हणून स्वतःच्याच नावाने विकणारा खोटं बोलतो, पण दुसरा कोणी असल्याचं भासवत नाही, म्हणून ते खरेदीखत खोटा दस्तऐवज होत नाही. असं असेल तर 471 सुद्धा पडतं, कारण त्याला बनावट दस्तऐवज लागतो. 420 मात्र राहतं. भावाचा कागद नेमका कोणत्या जातीचा आहे हे तपासून घ्या, त्यावर बचावाची दिशा ठरते.

दुसरी गोष्ट, वापर. कपाटात ठेवलेला कागद म्हणजे वापर नाही. बाळगण्याचं वेगळं कलम आहे, 474, आणि ते 466 किंवा 467 च्या जातीच्या कागदांनाच लागतं, तेही खरा म्हणून वापरण्याचा इरादा असेल तरच. तुमच्याकडे वापर झालाच आहे. तो कसा सिद्ध होतो ते जवळून पाहा. कंपनीच्या फाइलमध्ये बहुधा मूळ प्रमाणपत्र नसतं, झेरॉक्स असते. त्या झेरॉक्सच्या खालच्या कोपऱ्यात, कधी तिरकी, भावाची निळ्या शाईतली सही असते, वर ‘स्वसाक्षांकित’ किंवा ‘खरी प्रत’, आणि तारीख. झेरॉक्सवरची कुलसचिवाची सही पाहून हस्ताक्षर तज्ज्ञ फारसं काही सांगू शकत नाही: पेनचा दाब, कुठे पेन उचललं, कुठे हात थबकला, हे प्रतीत उतरत नाही. बऱ्याच प्रमाणपत्रांवर तर ती सही छापीलच असते. पण कोपऱ्यातली निळी सही मूळ आहे. न्यायालयाच्या आदेशाने भावाच्या सहीचे नमुने घेतले जातील आणि ती जुळेल. नमुना द्यायला नकार देऊन काही साधत नाही. सहीचा नमुना देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं नव्हे हे 1961 च्या काठी कालू ओघड निकालापासून ठरलेलं आहे. म्हणजे ज्या सहीवरून 465 सिद्ध व्हायला हवं ती तपासताच येत नाही, आणि ज्या सहीवरून 471 सिद्ध होतं ती स्वच्छ तपासता येते. (मला कोणी विचारतं, ‘खरी प्रत’ म्हणून सही केली म्हणजे तो बनवणारा झाला का? नाही. त्याने स्वतःच्या नावानेच सही केली, दुसऱ्या कोणाची भासवली नाही.)

तिसरी गोष्ट म्हणजे माहिती किंवा माहिती असायला पुरेसं कारण. सगळा खटला इथे येऊन थांबतो. कोणाच्या मनात शिरता येत नाही, म्हणून न्यायालय परिस्थिती पाहतं. माझ्याकडे एकाच बनावट संस्थेच्या प्रमाणपत्रांवरून अडकलेले दोन तरुण एकाच वेळी होते. कागद सारखाच, शिक्कासुद्धा सारखा. पहिल्याने अकरा महिने दर रविवारी त्या केंद्रात वर्ग केले होते, हप्त्याहप्त्याने भरलेल्या फीच्या सात पावत्या होत्या, परीक्षेचं हॉल तिकीट होतं, आणि सोबत बसलेले दोघे साक्ष द्यायला आले. केंद्राला मान्यताच नव्हती हे त्याला कळायला मार्ग नव्हता. तो सुटला, खरं तर त्याचीच फसवणूक झाली होती. दुसऱ्याने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, रोख रक्कम चहाच्या टपरीवर दिली आणि तीन आठवड्यांत मागच्या सालाचं प्रमाणपत्र आलं. एकही परीक्षा दिलेली नाही. त्याच्या बाबतीत ‘मला माहीत नव्हतं’ हे कोणी ऐकून घेतलं नाही. बनवणारा दोघांच्याही खटल्यात सापडला नव्हता.

भाऊ या दोघांपैकी कोणाच्या जवळ बसतो हे त्यालाच विचारा, वकिलासमोर आणि खरं खरं.

‘एजंटने दिलं’ हे कुठे लिहायचं नाही

आता सुरुवातीला म्हटलं त्या वाक्याकडे. बनावटीकरणातून सुटायच्या घाईत जामीन अर्जात असं लिहिलेलं मी कितीदा वाचलंय: ‘अर्जदाराने सदर प्रमाणपत्र स्वतः तयार केले नसून एका इसमास रक्कम देऊन त्याच्याकडून प्राप्त केले आहे.’ लिहिणाऱ्याला वाटतं 468 तुटलं. तुटतंही. पण त्याच ओळीत 471 चा सगळ्यात अवघड भाग आरोपीने स्वतःच्या सहीने लिहून दिला: परीक्षा न देता, संस्थेबाहेरच्या माणसाकडून, पैसे देऊन. आणखी कुठलं ‘पुरेसं कारण’ हवंय?

पोलिसांपुढे दिलेली कबुली पुराव्यात येत नाही, पण न्यायालयात दाखल केलेला अर्ज आणि कंपनीच्या कारणे दाखवा नोटिशीला दिलेलं लेखी उत्तर या संरक्षणाखाली येत नाहीत. नोटिशीचं उत्तर तर हमखास घोटाळा करतं. माणूस नोकरी वाचवायला मनुष्यबळ विभागाला भावनिक पत्र लिहितो, ‘चूक झाली, घरची परिस्थिती होती, एजंटच्या नादी लागलो.’ ते पत्र पुढे फिर्यादीसोबत जोडलं जातं. भावाने असं काही दिलं असेल तर त्याची प्रत वकिलाला पहिल्याच दिवशी द्या. दिलं नसेल तर वकिलाने पाहिल्याशिवाय देऊ नका.

जामीन अर्जात त्याऐवजी एवढंच पुरतं: दस्तऐवज बनवल्याचा कोणताही आरोप अर्जदाराच्या कृतीशी जोडलेला नाही, कागदपत्रं कंपनीच्या ताब्यात आहेत, तपासाला सहकार्य करीन. माहिती होती की नव्हती, तो कागद कुठून आला, यावर त्या टप्प्यावर एक शब्दही लागत नाही.

अप्रामाणिकपणाच्या मुद्द्यावर एक आशा लोक धरतात, तीही सांगतो. डॉ. विमला खटल्यात (निकाल 1962) एका डॉक्टर बाईंनी आपल्या काही महिन्यांच्या मुलीच्या नावावर मोटार घेतली आणि विम्याच्या कागदांवर मुलीच्या नावाने स्वतःच सह्या केल्या. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडलं: लपवाछपवी होती, पण त्यातून त्यांना कसला लाभ झाला नाही आणि विमा कंपनीचं काही गेलं नाही. कपटासाठी फसवणुकीसोबत कोणाचं तरी नुकसान किंवा तसा धोका लागतो. नोकरीच्या खटल्यात आरोपीचे वकील हा निवाडा दाखवून म्हणतात, ‘त्याने काम तर नीट केलं, कंपनीचं काय गेलं?’ मला हा युक्तिवाद पटत नाही आणि न्यायालयांनाही सहसा पटत नाही, कारण ती जागा, तो पगार त्या कागदामुळेच मिळाला. शिक्षेचं प्रमाण ठरताना मात्र चांगल्या कामाचा उपयोग होतो.

कंपनीशी तडजोडीचा विचार चालला असेल तर 420 न्यायालयाच्या परवानगीने मिटवता येतं. 468 आणि 471 मिटवता येत नाहीत, त्यासाठी उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करण्याचा अर्ज लागतो. तो दोषारोपपत्र वाचल्यावरच करावा असं मी सांगतो. 465, 467 आणि 468 ला आधार देणारं त्यात काही आलं नाही, तर सत्र किंवा दंडाधिकारी न्यायालयातच त्या कलमांपुरता दोषमुक्तीचा अर्ज टाकता येतो, आणि मग खटला 471 आणि 420 एवढ्यावर उतरतो. मूळ प्रमाणपत्र घरी असेल तर ते फाडू नका, कोणाकडे देऊ नका, आहे तसं वकिलाला दाखवा. त्याचा कागद, छपाई आणि क्रमांकाची मालिका पाहिल्याशिवाय तो आतून निघालेला आहे की बाहेर छापलेला, हे मलाही इथे बसून सांगता येणार नाही.